पावसाळाभर पडून राहिलेला बॅटरी पॅक चार्ज होत नसेल तर

इंदूर आणि आसपासच्या माळव्यातल्या बागायतदारांसाठी, दसऱ्यानंतरच्या छाटणीआधी

वैशाखात ठेवलेली बॅटरीवरची कात्री किंवा करवत आता बाहेर निघेल आणि चार्जरवर लाल दिवा लुकलुकू लागेल. पॅक लगेच भंगारात टाकू नका, आणि जबरदस्तीने चार्जही करू नका. आधी मल्टिमीटर घ्या.

पॅकवर 18 लिहिलेलं असो की 20 किंवा 21, आत बहुधा पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. आकडा फक्त विकण्याच्या सोयीचा. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा असतो, 2.5 च्या खाली तो फार उतरला असं समजायचं. पॅक नुसता पडून असला तरी आतलं संरक्षक सर्किट थोडा थोडा करंट खात राहतं. बॅटरी संपेपर्यंत काम करून तशीच ठेवली असेल, तर चार-पाच महिन्यांत ती या रेषेखाली जाऊ शकते.

मीटर डीसी 200 वर ठेवून अधिक-उणे टोकांवर लावा. 15 व्होल्ट किंवा जास्त आले तर सेल बहुधा ठीक आहेत. टोकं कोरड्या कापडाने पुसा, आणि पॅक उन्हातून आणला असेल तर सावलीत थंड होऊ द्या. गरम पॅक चार्जर घेत नाही. मीटर शून्य दाखवत असेल तरी सेल मेलेच असं नाही. काही सर्किटं व्होल्टेज फार उतरलं की बाहेरची वाट बंद करून झोपी जातात आणि चार्जर लावल्यावर जागी होतात. पॅक दोन-तीनदा काढून परत बसवून पाहा.

फसवणारा आकडा मधला असतो. समजा 14 व्होल्ट आले. सरासरी 2.8, म्हणजे चालेल असं वाटतं. पण चार सेल 3.3 चे आणि पाचवा 0.8 चा असला, तरी बेरीज 14 च येते. सर्किट प्रत्येक सेल वेगळा तपासत असेल तर ते याच एकासाठी चार्जिंग अडवतं, आणि ते बरोबरच आहे. इतक्या खाली गेलेल्या सेलमधलं तांबं विरघळतं, पुन्हा भरताना आतच जमतं आणि शॉर्ट होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या पॅकच्या तारा जोडून ‘धक्का’ देण्याचा व्हिडिओतला उपाय करू नका. त्या वेळी सर्किट बाजूला पडतं, आणि आग लागली तर ती गोठ्याजवळच लागेल. एकूण 10 च्या खाली असलेला, किंवा शून्य दाखवून चार्जरवरही जागा न होणारा पॅकही सोडून द्या. टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या.

चार्ज झालाच तर पहिला चार्ज फरशीवर, समोर बसून करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा: 21 वरून 20 च्या खाली उतरला असेल तर एखादा सेल गळतोय.

पुढच्या वेळी चारपैकी दोन दिवे लागतील एवढा चार्ज ठेवून, पॅक यंत्रातून काढून घरात ठेवा, पत्र्याच्या खोलीत नाही. दर दोन महिन्यांनी दिवे पाहा.