खेळाच्या वेळेचे पत्र: मिनिटांऐवजी सामने मोजावेत

‘नऊ वाजता मोबाईल बंद’ असा नियम केला की रोज वाद होतो, कारण बीजीएमआयसारख्या मोबाईल गेममधला ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही आणि तो अर्धवट सोडल्यास सोबतचे खेळाडू अडचणीत येतात. म्हणून मुलाला पत्र लिहिताना वेळ सामन्यांत मांडावी. मोठा सामना साधारण अर्ध्या तासाचा धरून मी असे लिहिले:

“प्रिय बाळा, मित्रांसोबतचा तुझा खेळ तुला किती आवडतो हे मला ठाऊक आहे. आठवड्याला दहा सामने, म्हणजे सुमारे पाच तास, असे ठरवूया का? ते कोणत्या दिवशी खेळायचे हे तू ठरव. शाळेच्या आदल्या रात्री साडेनऊनंतर नवा सामना सुरू करू नये, मात्र सुरू असलेला पूर्ण करावा. परीक्षेच्या आठवड्यात उरलेले सामने पुढे नेता येतील. आकडा कमी वाटला तर तुझा सुचव, रविवारी बोलू. तुझी आई.”

पत्र भांडणाच्या दिवशी देऊ नये आणि कमी गुण मिळाले म्हणून ठरलेले सामने कापू नयेत, नाहीतर मुलाला ते पत्र शिक्षाच वाटते.