रंगकामाचा सहा वर्षांचा हिशेब: सभेआधीची तयारी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या 80 सदनिकांच्या इमारतीला सहा वर्षांनी बाहेरून रंग द्यायचा आहे. वार्षिक सभेत आकडा मांडायचा, तर आधी कंत्राटदाराकडून आजच्या दराचं अंदाजपत्रक घ्यावं, आणि त्यात परांची व मजुरी वेगळी, रंग व साहित्य वेगळं लिहून मागावं. आम्हाला एकूण 30 लाख सांगितले: मजुरी 16, साहित्य 14.

हे वेगळं मागायचं कारण, दोन्ही एका गतीने वाढत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं 4 टक्क्यांचं लक्ष्य इथे सरसकट लावता येत नाही, कारण ते घरखर्चाच्या महागाईचं आहे; त्या टोपलीत अन्नधान्याचा वाटा मोठा, परांचीला तिथे जागा नाही. रंगाचा दर कच्च्या तेलावर आणि रुपयाच्या भावावर हलतो. मजुरीसाठी आपल्याच पहारेकऱ्यांची पाच वर्षांची बिलं काढून बघावीत. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून वर्षाची सरासरी न धरता शेवटच्या महिन्याच्या बिलापासून मोजावं. आम्ही मजुरीला 8 आणि साहित्याला 6 टक्के धरले. सहा वर्षांनी मजुरी 25.4 लाख, साहित्य 19.9 लाख, म्हणजे सुमारे 45 लाख.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. आपल्याकडे 20 लाखांची मुदत ठेव आहे. साडेसहा टक्क्यांनी, व्याज त्यातच ठेवलं, तर सहा वर्षांत ती 29 लाखांच्या पुढे जाते. कागदावर शेजारी 30 लाख लिहिलेले असले की वाटतं, झालंच की काम! मीही पहिल्या वेळी असाच फसलो. ठेव सहा वर्षांनंतरच्या रुपयांत होती आणि खर्च आजच्या रुपयांत. दोन्ही बाजू एकाच वर्षाच्या रुपयांत आणल्या की 16 लाखांची तूट दिसते. ती भरायला दरवर्षी सुमारे सव्वादोन लाख बाजूला पडून त्याच साडेसहा टक्क्यांनी वाढायला हवेत, म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे महिना 240 रुपयांच्या आसपास.

दुरुस्ती निधीतून हे भागेल असं कुणी म्हणेल, तर पोटनियम दाखवावा: तिथली 0.75 टक्क्यांची किमान वर्गणी बांधकाम खर्चावर आहे, आणि तो खर्च इमारत उभी राहिली त्या काळातला. सभेने दर वाढवला नाही तर ती रक्कम वर्षानुवर्षं तीच राहते.

सभेला जाताना मजुरी 10 टक्के धरूनही एक हिशेब सोबत न्यावा. एवढ्यानेच खर्च तीन लाखांनी वाढतो. आणि धरलेले दर, अंदाजपत्रकाची तारीख कागदाच्या डोक्यावर लिहावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये नवं अंदाजपत्रक आलं की येणाऱ्या खजिनदाराला फरक नेमका कुठे पडला ते शोधता येईल.