एकूण टक्केवारी उलटी पडते तेव्हा : मुतखड्याचं उदाहरण

डेटा अ‍ॅनालिसिस शिकताना सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे सगळेच पाठ करतात. ते आकड्यांत कसं दिसतं, हे मात्र एखादं कोष्टक स्वतः सोडवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी १९८६ साली प्रसिद्ध झालेला मुतखड्याच्या उपचारांचा ब्रिटिश अभ्यास घ्या.

खुल्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ रुग्णांना गुण आला, म्हणजे ७८ टक्के. पाठीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढला, तिथे ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण सरस ठरली, असं वाटतं.

आता खड्याचा आकार पाहा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांत खुली शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), दुर्बीण २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठ्या खड्यांत खुली २६३ पैकी १९२ (७३ टक्के), दुर्बीण ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्ही गटांत खुली पुढे, बेरजेत मात्र मागे!

गणित चुकलेलं नाही. मोठे, अवघड खडे बहुतेक खुल्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले आणि सोपे खडे दुर्बिणीच्या. खड्याचा आकार उपचाराची निवडही ठरवतो आणि निकालही. अशा घटकाला कन्फाउंडर म्हणतात. म्हणून टक्केवारीच्या शेजारी गटातली संख्या कायम छापा, ८७ आणि २७० दिसले की शंका आपोआप येते:

```python
df.groupby("upchar")["yash"].mean()
df.groupby(["khada", "upchar"])["yash"].agg(["mean", "size"])
```

एकच आकडा हवा असेल, तर दोन्ही उपचारांना रुग्णांचं सारखंच मिश्रण द्या. एकूण लहान खडे ३५७, मोठे ३४३. या प्रमाणाने प्रत्येक गटाच्या टक्केवारीला वजन दिलं की खुली सुमारे ८३ आणि दुर्बीण सुमारे ७८ येते. मूळ आकड्यांची जणू अदलाबदलच.

इथे नवशिके दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे, दिसेल त्या रकान्याने गट पाडणं. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव किंवा इस्पितळातले दिवस हे उपचाराचेच परिणाम. त्यांवर गट पाडले, तर मोजायचा परिणामच झाकला जातो. रकाना उपचार ठरण्याआधीचा आहे का, हे आधी विचारा. ते कोष्टक सांगत नाही, वॉर्डात काम करणारा माणूस सांगतो.

दुसरी घसरण म्हणजे आकडे उलटले की नवा निष्कर्ष पक्का मानणं. ७३ आणि ६९ मधला फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय या अभ्यासात खुल्या शस्त्रक्रिया बहुतांशी आधीच्या वर्षांतल्या होत्या आणि दुर्बिणीच्या नंतरच्या. आकाराचा हिशेब लागला, तरी काळाचा कन्फाउंडर तसाच उरतो, आणि तो गट पाडून काढता येत नाही. कारण एकाच काळातले दोन्ही उपचारांचे पुरेसे रुग्णच हाताशी नाहीत.