स्टॉक रिपोर्टमधला भाव शेवटच्या बिलाशी जुळत नाही? या चुका टाळा

लोहार चाळीतल्या वायरच्या दुकानांचे हिशेब मी पाहते. मार्चअखेर आली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, परवाच बंडल १,७०० ला घेतलं, मग रिपोर्ट १,६३३ का दाखवतोय?"

एका दुकानाचं उदाहरण घेऊ. १,५०० रुपयांची ४० बंडलं होती. त्यातली २५ विकली, १५ उरली, म्हणजे २२,५०० चा माल. मग १,७०० ने ३० बंडलं आली, ५१,००० ची. आता ४५ बंडलं आणि ७३,५०० रुपये. भागलं की भारित सरासरी १,६३३.३३ येते. नव्या भावाने धरलं असतं तर ७६,५०० झाले असते. हा ३,००० चा फरक म्हणजे जुनी १५ बंडलं गुणिले भावातली २०० ची वाढ. फरक असा जुळला, तर रिपोर्ट बरोबर आहे.

अशा वेळी सगळा स्टॉक शेवटच्या भावाने लावणं ही पहिली चूक. न विकलेल्या मालावर ३,००० चा नफा दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. शेवटचा भाव हवाच, पण तो गिऱ्हाइकाला आजचा दर सांगताना.

फरक जुळला नाही, तर आधी बिल उघडा. बरेच जण १८ टक्के जीएसटी धरून २,००६ शी तुलना करतात. क्रेडिट मिळणारा जीएसटी मालाच्या किमतीत येत नाही. टेम्पो आणि हमाली मात्र येते. ३० बंडलं दुकानात आणायला ९०० रुपये लागले असतील, तर ते खर्चाच्या खात्यात न टाकता खरेदीला जोडा. सरासरी १,६५३.३३ होईल.

सगळ्यात त्रास देते ती तारीख. वर आपण विक्री आधी, खरेदी नंतर धरली. तेच खरेदीचं बिल चुकून विक्रीच्या आधीच्या तारखेला चढलं, तर प्रत्येक खरेदीनंतर सरासरी बदलणाऱ्या पद्धतीत ७० बंडलांची मिळून सरासरी १,५८५.७१ निघते. उरलेल्या ४५ चं मूल्य ७१,३५७ वर येतं. हमाली बाजूला ठेवली तरी एका तारखेने २,१४३ रुपये स्टॉकमधून विकलेल्या मालाच्या खर्चात गेले, आणि नग मोजून काहीच कळत नाही, कारण नग ४५ च भरतात.

याच्या उलटही होतं. माल विकला जातो, पण खरेदीचं बिल आठवडाभर गल्ल्यात पडून राहतं. मग शिल्लक उणे जाते आणि सरासरी भलतीच येते. म्हणून त्या आयटमचं स्टॉक लेजर तारखेप्रमाणे उघडा आणि शिल्लक जिथे पहिल्यांदा उणे झाली, त्या ओळीपाशी थांबा. राहिलेलं बिल बहुतेक वेळा त्याच दिवसाच्या आसपासचं असतं. ते माल आल्याच्या खऱ्या तारखेला चढवा, मग रिपोर्ट पुन्हा काढा.