मनगटं चोळू नका, पण कारण वेगळंच आहे: परफ्यूम मारताना या चुका टाळा

माझी भाची रोज म्हापशाहून पणजीला बसने कामाला जाते. मे महिन्यात तक्रार घेऊन आली, "मावशी, परफ्यूम डुप्लिकेट निघाला बहुतेक. पणजी येईस्तोवर वास गायब."

बाटली अस्सल होती. मी म्हटलं, रोज मारतेस तसा मार बघू. पंखा फुल्ल, बाटली मनगटापासून चार बोटांवर, दोन फवारे, आणि लगेच दोन्ही मनगटं खसाखसा चोळली.

चोळल्याने सुगंधाचे रेणू फुटतात, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही, तेवढा जोर चोळण्यात नसतोच. पण चोळल्याने द्रव पातळ पसरतो आणि कातडी किंचित तापते. मग लिंबू किंवा बर्गामॉट नावाच्या लिंबाच्याच जातीच्या फळासारखे मुळातच चटकन उडणारे वास आणखी लवकर उडतात. शिवाय कातडीवरचा घाम त्यात मिसळतो.

आम्ही करूनच पाहिलं. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला एकेक फवारा मारला, डावीकडचा बोटाने चोळला, उजवीकडचा तसाच वाळू दिला. दहा मिनिटांनी उजवीकडे लिंबाचा ताजा वास होता, डावीकडे जवळजवळ नव्हता. दोन तासांनी मात्र दोन्हीकडे तोच लाकडी, गोडसर वास. म्हणजे चोळण्याने परफ्यूम मरत नाही, त्याची सुरुवात तेवढी हातची जाते. चुकून चोळलंत तर घाबरून पुन्हा फवारू नका.

अंतर साधारण एक वीत, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटर ठेवा. कातडी ओलसर चमकली पाहिजे. थेंब ओघळला तर बाटली फार जवळ होती. आणि पंखा आधी बंद करा, नाहीतर अर्धा फवारा वाऱ्यावर जातो.

परफ्यूम नाडी लागते त्या जागी मारायला सांगतात ते तिथल्या उबेमुळे, ऊब वास वर उचलते. पण आपल्याकडच्या दमट हवेत भाचीच्या मनगटावर वास टिकणार कसा? बसचा दांडा, घाम, दिवसातून दहा वेळा हात धुणं. तिला मी कोपराची आतली बाजू आणि कपड्याखाली झाकलेली छाती सुचवली. आंघोळीनंतर अंग कोरडं करून, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून, मग कपडे घालण्याआधी एकेक फवारा. उघड्या मानेवर मारून उन्हात जाऊ नका. बर्गामॉटच्या तेलातले काही घटक उन्हात कातडीवर काळे डाग पाडू शकतात.

आठवड्याने तिचा फोन आला, "मला अजून वास येत नाही गो, पण शेजारच्या टेबलावरची जेवणाच्या सुट्टीत विचारत होती, कुठला लावलास?" सतत येणाऱ्या वासाला आपलं नाक सरावतं. म्हणून वाढवायचं की नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारून ठरवा. तिने दोन फवाऱ्यांवरच ठेवलंय.