ऊसतोडणी यंत्राचे हायड्रॉलिक ऑइल बदलताय? आधी जुने तेल पूर्ण काढा

गळीत हंगाम तोंडावर आला की दुकानदार ‘आग न लागणारे, मातीत विरघळणारे’ तेल घेऊन फडात येतात. या तेलाच्या नादात यंत्रे बसलेली मी पाहिली आहेत. दोष तेलाचा नव्हता, जुने तेल अर्धेमुर्धे काढून वर नवे ओतले होते.

पाइप फुटला की खनिज तेलाचा फवारा तापलेल्या टर्बोवर उडतो आणि पाचट पेटते. हे नवे, म्हणजे सिंथेटिक एस्टरचे तेल पेटायला जास्त उष्णता लागते आणि सांडले तर मातीत लवकर कुजते. पण पेटतच नाही असे नाही. वनस्पती तेलाचे हायड्रॉलिक ऑइल स्वस्त, पण आमच्याकडच्या उन्हात ८० अंशांपुढे तापले की चिकट होते. पाणी-ग्लायकॉलचे तेल तोडणी यंत्राच्या पंपाला सोसत नाही. फॉस्फेट एस्टरला तर हातच लावू नका. नेहमीचे नायट्राइल रबराचे सील त्यात फुगून मऊ पडतात.

आता हिशेब बघा. समजा यंत्रात एकूण ४०० लिटर तेल आहे आणि टाकीत २५०. नुसती टाकी रिकामी केली तर १५० लिटर जुने तेल आतच राहते, म्हणजे ३७.५ टक्के. जुन्या तेलाची मर्यादा २ टक्क्यांची. टाकीतलेच तेल बदलत राहिलात तर चार वेळा तेल घालवावे लागेल! त्यापेक्षा सिलिंडर, मोटर, कूलर आणि पाइप यांचे जोड मोकळे करून सगळे निथळू द्या. मग समजा ४० लिटर उरले तर पहिल्या भरणीत १० टक्के मिसळ होते. यंत्र गरम होईपर्यंत चालवून तेही तसेच पूर्ण काढा, दुसऱ्या भरणीत १ टक्का उरतो.

सील याच वेळी बदला. जुने नायट्राइल खनिज तेलात कडक झालेले असते, नव्या तेलात ते गळू लागते. एस्टरला एफकेएम या फ्लोरोरबराचे सील उत्तम. काळी रिंग दिसली म्हणून घेऊ नका, ईपीडीएम रबरही काळेच असते आणि खनिज तेलात ते फुगते. शंका असेल तर नवी रिंग व्हर्नियरने मोजा, कोमट नव्या तेलात आठ दिवस ठेवा, पुन्हा मोजा. बोटाला चिकट लागली किंवा खूप फुगली तर परत करा. ही माझी फडातली पद्धत, प्रयोगशाळेची नव्हे.

नवे तेल जुना गाळ सोडवते, म्हणून पहिल्या ५० तासांनी फिल्टर बदला. तेलाला खवट वास आला तर मी तेल बदलायच्या उरलेल्या तासांची वाट बघत नाही.

ट्रॅक्टरमध्ये हे तेल ओतू नका. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, ओले ब्रेक आणि लिफ्ट एकाच तेलावर चालतात.

हंगामाआधी आणि हंगामात:
- घासलेले पाइप बदला
- टर्बोवरचे पाचट रोज काढा
- रेडिएटर फुंकून घ्या
- अग्निशामक भरून घ्या

पैसे कमी असतील तर पहिला खर्च पाइपांवर करा, तेलावर नंतर.