मुंबईहून ॲडलेडला पोहोचण्याची वेळ काढताना अर्धा तास कुठे चुकतो?

आई जुलैमध्ये बहिणीकडे ॲडलेडला एकटी गेली. मुंबई ते सिंगापूर आणि पुढे ॲडलेड असा प्रवास. सिंगापूरहून विमान साडेनऊला सुटायचं होतं, ते उशिरा निघालं. आईचा निरोप आला, "१०:२५ ला हललं. सहा तास पन्नास मिनिटं लागतील म्हणताहेत." बहीण ड्यूटीवर होती, तिला मध्ये फोन बघता येत नव्हता, म्हणून वेळ काढून कळवायचं काम बाबांकडे. त्यांनी कळवलं, सव्वासातला उतरेल. विमान उतरलं पावणेसातला. आई सव्वासातलाच सामान घेऊन बाहेर आली होती आणि नवख्या गावात अर्धा तास बाकावर बसून होती.

बाबांचा कागद मी नंतर पाहिला. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, म्हणून तिथले १०:२५ म्हणजे आपले ७:५५. त्यात ६:५० मिळवले, आपले दुपारचे २:४५. इथपर्यंत सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत त्यांनी साडेचार तास मिळवले होते.

साडेचार आले कुठून? जुलैमध्ये सिडनी आपल्यापुढे साडेचार तास असते. ऑस्ट्रेलिया म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात तोच आकडा बसलेला असतो. शिवाय ॲडलेडची वेळ "अर्ध्या तासाची" आहे हे बाबांनी ऐकलं होतं, त्यामुळे साडेचारमधला अर्धा त्यांना उलट खात्रीचा वाटला. हीच या विषयातली सगळ्यात मोठी गफलत आहे. तो अर्धा तास यूटीसीपासून, म्हणजे जगाच्या सामायिक घड्याळापासून मोजलेला असतो, आपल्यापासून नव्हे. ॲडलेड यूटीसीच्या साडेनऊ तास पुढे, आपण साडेपाच तास पुढे. साडेनऊतून साडेपाच गेले की उरले पूर्ण चार. दोन्हीकडे अर्धा असला की तो वजाबाकीत उडून जातो. सिंगापूर मात्र पूर्ण आठ तास पुढे आहे, म्हणून आपल्याशी त्याचा फरक अडीच आणि ॲडलेडशी दीड.

पडताळा बघायचा तर हातातल्या घड्याळाकडे बघा. भारतीय वेळेवर लावलेल्या घड्याळाचा मिनिटकाटा सिंगापूरला अर्धा फेरा चुकीचा दिसेल, पण ॲडलेडला उतरल्यावर तो अगदी बरोबर जागी असेल. फक्त तासकाटा सरकलेला. म्हणून भारतीय वेळेचे २:४५ आणि ॲडलेडचे ७:१५ असं उत्तर आलं की तिथेच थांबायचं. मिनिटं जुळली पाहिजेत. २:४५ अधिक चार, म्हणजे ६:४५.

ॲडलेडने हा अर्धा धरला कधी? दक्षिण ऑस्ट्रेलिया १८९५ मध्ये यूटीसीच्या नऊ तास पुढे होतं, १८९९ मध्ये त्यांनी घड्याळ अर्धा तास पुढे केलं आणि ते पूर्वेकडच्या शहरांच्या जवळ आले. साडेनऊची वेळ ज्या रेखावृत्ताची, ते १४२.५ अंश पूर्व रेखावृत्त त्या राज्यातून जातही नाही, शेजारच्या व्हिक्टोरियातून जातं. नकाशात ॲडलेड कुठे आहे यावरून अंदाज बांधायला गेलं तर उत्तर नऊ तासांच्या आसपास येतं आणि फसायला होतं.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरची, आणि ही हुशार माणसांकडून जास्त होते. १०:२५ आणि ६:५० यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर १०.२५ अधिक ६.५० अशी केली की १६.७५ येतात. पॉइंट पंचाहत्तर म्हणजे पाऊण, असं वाचून पावणेपाच म्हटलं की झालं. खरं तर ती पंचाहत्तर मिनिटं आहेत, म्हणजे एक तास पंधरा. सिंगापूरच्या घड्याळात उत्तर सव्वापाच. त्यात दीड तास मिळवा, पावणेसात. चुकीच्या वाचनाने सव्वासहा आले असते, इथेही फरक नेमका अर्ध्या तासाचा. त्यामुळे दोष वेळेच्या फरकाला दिला जातो आणि खरी चूक सापडत नाही. तास वेगळे मिळवा, मिनिटं वेगळी, आणि साठ झाली की एक तास वर न्या.

तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ त्या गावाचीच असते, हे इथेच सांगून टाकतो. तिच्यात पुन्हा काही मिळवायचं नाही. आईच्या तिकिटावर ९:३० ते १७:५० होतं. वजाबाकी केली तर आठ तास वीस मिनिटं येतात, प्रवास मात्र सहा तास पन्नास मिनिटांचा. मधला दीड तास हाच घड्याळांचा फरक. विमान उशिरा सुटलं आणि प्रवासाला लागणारा वेळ तोच राहिला, तर छापील वेळेत तेवढीच मिनिटं मिळवावीत. पंचावन्न मिनिटांचा उशीर, म्हणून १७:५० चे १८:४५. बाबांचा लांबचा हिशेब तपासायला एवढी एक ओळ पुरली असती.

आता उन्हाळी वेळ. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला ॲडलेडची घड्याळं तीनवर जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तीनला परत दोनवर येतात. या काळात ॲडलेड यूटीसीच्या साडेदहा तास पुढे असतं, आपल्यापेक्षा पाच तास. आईचं तेच विमान जानेवारीत असतं तर ७:४५ ला उतरलं असतं. डार्विनही साडेनऊचंच, पण तिथे घड्याळ बदलत नाही. त्यामुळे जुलैमध्ये या दोन शहरांची वेळ एक असते आणि जानेवारीत तासाचं अंतर पडतं. फोनमध्ये वेळ लावताना `Australia/Darwin` निवडलं तर तिथल्या हिवाळ्यात काहीच जाणवत नाही, चूक ऑक्टोबरात उघडी पडते. `Australia/Adelaide` असंच निवडा. नुसतं `GMT+9:30` नको, कारण ते तिथल्या उन्हाळ्यात हलत नाही.

आणि नियम लावायचा तो उतरण्याच्या क्षणाचा, सुटण्याच्या नव्हे. समजा शनिवारी ३ ऑक्टोबर २०२६ ला सिंगापूरहून रात्री ११:३० ला विमान सुटलं आणि प्रवास तोच ६:५० चा आहे. सिंगापूरच्या घड्याळात रविवारी सकाळी ६:२० ला उतरेल. सुटलं तेव्हा ॲडलेड दीड तास पुढे होतं, म्हणून दीड मिळवले तर ७:५० येतात. पण विमान हवेत असतानाच तिथलं घड्याळ तासभर पुढे गेलेलं आहे. अडीच मिळवा, ८:५०.

एक चूक फोनच्या कॅलेंडरमध्ये दडलेली असते. पुण्यात बसून "आई उतरणार १७:५०" अशी नोंद केली आणि शहर निवडलं नाही, तर फोन ती भारतीय वेळ समजतो. तोच फोन ॲडलेडला जाऊन तिथली वेळ धरतो तेव्हा नोंद २१:५० ला सरकलेली दिसते. नोंद करतानाच वेळेखाली ॲडलेड निवडलं की पुण्यात तीच नोंद १३:५० ला दिसेल. मिनिटं तीच, म्हणजे नोंद बरोबर बसली.